नमुना तपासणी, दोषांची नोंद आणि पॅरेटो: एका पिनचं उदाहरण

प्रश्न: सर, क्वालिटी विभागात नुकताच इंटर्न म्हणून लागलो आहे. रोज 50 जॉब तपासून दोष लिहायचे आणि आठवड्याच्या शेवटी पॅरेटो चार्ट काढून दाखवायचा, असं सांगितलंय. चार्ट कसा काढतात ते बघून ठेवलंय, पण तपासताना नेमकं काय आणि कसं लिहायचं ते कळत नाही. एका जॉबवर दोन दोष असले तर काय करायचं? आणि चार्टमध्ये जो पहिला येईल तोच सगळ्यात मोठा प्रॉब्लेम समजायचा का?

उत्तर:

दोन दोष असतील तर दोन्ही लिहायचे. आणि पहिला आलेला दोष सगळ्यात मोठा असेलच असं नाही. ही दोन्ही उत्तरं एकाच गोष्टीतून निघतात. पॅरेटो चार्टमध्ये दोष संख्येच्या उतरत्या क्रमाने खांबांत मांडतात. तो काढायला पंधरा मिनिटं लागतात, पण त्यात कोणता खांब उंच दिसणार हे आठवडाभर तपासणीच्या टेबलावर ठरत असतं. दोषाला नाव काय दिलं, जॉब कुठून उचलला, तपासणी कुठे थांबवली, यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून आधी टेबलावरचं काम सांगतो, मग चार्टचं.

एक जॉब डोळ्यासमोर धरू. स्टीलची पिन, बाहेरचा व्यास 16.00 मिमी, टॉलरन्स अधिक-उणे 0.02. दोन्ही टोकांना चॅम्फर, म्हणजे तिरपी कापलेली कड, आणि मधोमध 4 मिमीचं आरपार आडवं भोक. सीएनसी लेथवर टर्निंग, मग ड्रिलिंग, मग धुणं आणि पॅकिंग. पुढचे आकडे हिशोब सोपा जावा म्हणून मी घेतलेले आहेत, पण असा जॉब आणि असे दोष कुठल्याही मशीन शॉपमध्ये सापडतील.

पहिला प्रश्न, 50 जॉब उचलायचे कुठून? नवीन माणूस ट्रेच्या वरच्या थरातले जॉब घेतो, कारण ते हाताशी असतात. मीही सुरुवातीला तेच करायचो. दोन आठवडे माझ्या शीटवर ओरखडे जवळजवळ नव्हतेच आणि पुढच्या विभागातून मात्र ओरखड्यांचीच तक्रार यायची. ट्रेच्या तळाशी जॉब एकमेकांवर दाबले जातात आणि घासतात, म्हणून ओरखडे खालच्या थरात होते. मी तिथपर्यंत हातच घातला नव्हता. तेव्हा प्रत्येक वेळी वरचा, मधला आणि तळाचा असे जॉब घ्या. मशीनच्या तोंडाशी जॉब घेतले तर मशीनचे दोष दिसतात, पण हाताळणीत पडणारे डेंट आणि ओरखडे दिसत नाहीत. आठवड्याचं पूर्ण चित्र हवं असेल तर धुण्यानंतर, पॅकिंगच्या आधी नमुना घ्या. मात्र ट्रेवर मशीन नंबर आणि तास लिहिलेला टॅग असायलाच हवा, नाहीतर जॉब कधी बनला ते पुढे कळणार नाही. दिवसात दहा वेळा पाच-पाच जॉब घेतले की 50 होतात आणि सगळी पाळी त्यात येते. सकाळी एकदम 50 घेतले तर तुम्ही फक्त सकाळ तपासली.

एक खुलासा. लॉट घ्यायचा की परत पाठवायचा हे ठरवणारं सॅम्पलिंग वेगळं असतं. त्याचे तक्ते ISO 2859-1 मध्ये आहेत आणि तिथे नमुन्याचा आकडा लॉटच्या आकारावरून ठरतो. तुमचे रोजचे 50 हे दोष कुठे साठताहेत ते बघण्यासाठी आहेत. या 50 वरून लॉट पास झाला असं कुणाला सांगू नका.

आता मोजमाप. टॉलरन्सचा पट्टा एकूण 0.04 मिमीचा आहे. मोजायचं साधन त्या पट्ट्याच्या साधारण एक दशांशापर्यंत वाचता यायला हवं, म्हणजे 0.004. त्यामुळे 0.02 लीस्ट काउंटचा व्हर्नियर इथे चालणार नाही आणि 0.01 चा मायक्रोमीटरही अपुरा पडतो. 0.001 वाचणारा मायक्रोमीटर घ्या. सुरुवातीला त्याचे दोन्ही फेस स्वच्छ कागदाने पुसून, बंद करून शून्य तपासा. हे दर तासाला करा, कारण तेलाचा पातळ थर किंवा चिपचा कण बसला की शून्य हलतं. रॅचेट प्रत्येक वेळी सारख्याच टिकटिकींपर्यंत फिरवा. जोर बोटाचा नको, रॅचेटचाच हवा. व्यास प्रत्येक टोकाजवळ एकदा आणि जॉब काटकोनात फिरवून पुन्हा एकदा घ्या, म्हणजे टेपर आणि ओव्हॅलिटी दोन्ही सापडतील.

या पिनवर एक सापळा आहे. ड्रिल आडवं आरपार जातं, त्यामुळे बाहेर पडताना दुसऱ्या बाजूच्या व्यासावर बर, म्हणजे धातूची धारदार कड, उभी राहते. मायक्रोमीटरचा फेस त्या बरवर टेकला तर चांगला जॉब ओव्हरसाइज दिसतो. म्हणजे दोष एक आणि नोंद दुसऱ्याच नावाने. भोकापासून निदान 5 मिमी लांब मोजा. तसंच मशीनमधून नुकताच निघालेला गरम जॉब मोजू नका. स्टील दर अंशाला मीटरमागे साधारण 11 ते 12 मायक्रॉन वाढतं. जॉब नेहमीच्या तापमानापेक्षा 20 अंशांनी गरम असेल तर 16 मिमी व्यास जवळजवळ 4 मायक्रॉन जास्त दिसतो, म्हणजे तुमच्या पट्ट्याचा दहावा भाग त्यातच गेला.

डोळ्याने बघायच्या दोषांत अडचण वेगळी असते. ओरखडा कशाला म्हणायचं? नखाला अडकतो तो? दिसतो तो प्रत्येक? हे तुम्ही एकट्याने ठरवू नका. सीनियरकडून लिमिट सॅम्पल मागून घ्या. इथपर्यंत चालेल आणि याच्यापुढे नाही, असे खुणा केलेले दोन जॉब टेबलावर ठेवा. प्रकाश, अंतर आणि बघायचा वेळही ठरवून घ्या, कारण जॉब दिव्याखाली तिरका धरून मिनिटभर फिरवला तर कशावरही ओरखडा सापडतो. मग स्वतःची परीक्षा घ्या. काही चांगले आणि काही सदोष असे 20 जॉब तपासून निकाल बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी कुणाला तरी ते मिसळायला सांगा आणि आधीचा निकाल न बघता पुन्हा तपासा. 20 पैकी तीन-चार जॉबवर तुमचं तुमच्याशीच पटलं नाही, तर ओरखड्याची व्याख्या अजून पक्की झालेली नाही. ती पक्की होईपर्यंत त्या दोषाचा आकडा चार्टवर घालण्यात अर्थ नाही.

चेकशीट आदल्या दिवशीच आखून ठेवा. डावीकडे दोषांची नावं, वर तास, चौकटीत टॅलीच्या रेघा. वरती जॉबचं नाव, तारीख, मशीन, किती जॉब तपासले आणि कुणी तपासले. नावं सगळी एकाच जातीची असू द्या. मी अशा शीट पाहिल्या आहेत जिथे बर, ओरखडा, मशीन नंबर दोन आणि ऑपरेटरचं दुर्लक्ष हे सगळं एकाखाली एक लिहिलेलं होतं. पहिले दोन दोष आहेत, तिसरं ठिकाण आहे आणि चौथं तर कारणाबद्दलचा अंदाज आहे. टेबलावर बसून कारण दिसत नाही. तिथे फक्त दिसलं ते लिहा. नाव जेवढं नेमकं तेवढं चांगलं. नुसतं "बर" न लिहिता भोकाची बर आणि पार्टिंग फेसची बर असं वेगळं लिहा. बाहेरच्या व्यासाला नुसतं "ओडी नॉट ओके" न लिहिता ओव्हरसाइज आणि अंडरसाइज वेगळं ठेवा. पुढे एकत्र करायचं असेल तर बेरीज करता येते, पण एकत्र लिहिलेलं नंतर सोडवता येत नाही.

व्यासाचे वाचलेले खरे आकडे वेगळ्या कागदावर लिहा. नुसती बरोबरची खूण पुरत नाही. आठवड्याने त्या आकड्यांवर नजर टाका. 16.018, 16.019, 16.020 वर गर्दी असेल आणि 16.021 पासून पुढे एकही जॉब नसेल, तर मशीनने ती रेघ पाळली असं समजू नका. हद्दीवर आलेला जॉब आपण नकळत आत ढकलतो. जवळजवळ प्रत्येक तपासणाऱ्याकडून हे होतं आणि ते फक्त आकडे लिहिले तरच सापडतं.

आता दोन दोषांचा मुद्दा. बहुतेक लोक पहिला दोष दिसला की जॉब लाल ट्रेमध्ये टाकतात. रिजेक्टच आहे, मग पुढे कशाला बघायचं, असा विचार असतो. पण मग तुमच्या तपासणीच्या क्रमात जो दोष आधी येतो तो फुगतो आणि शेवटी मोजला जाणारा आकसतो. समजा आपल्या आठवड्यात 250 जॉब तपासले. त्यात 68 जॉब सदोष निघाले आणि त्यांवर एकूण 80 दोष होते, म्हणजे 12 जॉबवर दोन-दोन. व्यासाचे 11 दोष होते आणि त्यातल्या 6 जॉबवर बरही होती. बर आधी डोळ्याला दिसते. तिथेच थांबला असतात तर व्यासाचे फक्त 5 दोष नोंदले गेले असते. म्हणून प्रत्येक जॉब शेवटपर्यंत तपासा आणि सदोष जॉब किती, एकूण दोष किती, हे दोन आकडे वेगवेगळे ठेवा. साहेबांनी रिजेक्शन किती विचारलं तर 250 पैकी 68, म्हणजे 27.2 टक्के. चार्ट मात्र 80 दोषांचा.

ते 80 दोष उतरत्या क्रमाने असे लागतात:

| दोष | संख्या | टक्के | एकत्रित टक्के |
|---|---|---|---|
| बर | 34 | 42.5 | 42.5 |
| ओरखडा | 19 | 23.75 | 66.25 |
| व्यास हद्दीबाहेर | 11 | 13.75 | 80 |
| चॅम्फर लहान | 8 | 10 | 90 |
| डेंट | 5 | 6.25 | 96.25 |
| इतर | 3 | 3.75 | 100 |

स्प्रेडशीटमध्ये A कॉलमला नाव, B ला संख्या, पहिली ओळ शीर्षकाची. आधी B वरून उतरता क्रम लावा, इतर ही ओळ शेवटी ठेवा, मग C2 आणि D2 मध्ये ही सूत्रं टाकून खाली ओढा आणि दोन्ही कॉलमना टक्क्यांचं फॉरमॅट द्या:

```
=B2/SUM($B$2:$B$7)
=SUM($B$2:B2)/SUM($B$2:$B$7)
```

दुसऱ्या सूत्रात फक्त पहिल्या B2 ला डॉलर आहेत, दुसऱ्याला नाहीत, म्हणूनच बेरीज खाली सरकत वाढत जाते. तिथे हमखास चूक होते. तपासायची खूण सोपी आहे: शेवटच्या ओळीत 100 टक्केच यायला हवेत.

चार्ट हाताने ग्राफ पेपरवर काढला तरी चालतो, पहिल्यांदा तर तसाच काढा. डावा अक्ष 0 पासून 80 पर्यंत, म्हणजे एकूण दोषांइतका. उजवा अक्ष 0 ते 100 टक्के. डावीकडचे 80 आणि उजवीकडचे 100 एकाच उंचीवर आले पाहिजेत. सॉफ्टवेअर आपोआप डावा अक्ष 40 पर्यंतच ठेवतं, मग पहिला खांब जवळजवळ छताला टेकलेला दिसतो आणि वरच्या एकत्रित टक्क्यांच्या रेषेशी त्याचं नातं तुटतं. अक्षाची मर्यादा हाताने 80 करा. खांब एकमेकांना चिकटून काढा. एकत्रित टक्क्यांच्या रेषेचा पहिला बिंदू पहिल्या खांबाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यावर बसला, तर अक्ष बरोबर जुळले आहेत असं समजा. "इतर" नेहमी शेवटी, तो आधीच्या खांबापेक्षा उंच झाला तरी. पण तसा उंच झालाच तर नावं कमी पडली आहेत. शीट उघडून त्यातले दोष वेगळे काढा.

आपल्या तक्त्यात तिसऱ्या दोषावर बरोबर 80 टक्के आले, तो योगायोग आहे. विल्फ्रेडो पॅरेटो (1848–1923) हे संपत्तीच्या वाटणीचा अभ्यास करणारे अर्थतज्ज्ञ. त्यांचं नाव गुणवत्तेच्या कामाला जोडलं ते गुणवत्ता तज्ज्ञ जोसेफ ज्युरान यांनी. थोड्या प्रकारांत बहुतेक दोष साठतात, एवढंच त्यात सांगायचं आहे. 80 आणि 20 हा काही नियम नाही. सगळे खांब साधारण एकाच उंचीचे आले तर 80 वर रेघ मारून जबरदस्तीने निवड करू नका. अशा वेळी नावं दुसऱ्या तऱ्हेने पाडून बघायची असतात, मशीनप्रमाणे किंवा तासाप्रमाणे.

आणि आता तुमचा शेवटचा प्रश्न, पहिला तोच मोठा का. बर आलेला जॉब फाइलने मिनिटभरात साफ होतो. अंडरसाइज जॉब मात्र भंगारात जातो, त्यात पुन्हा धातू भरता येत नाही. दोघांना एकेक रेघ देऊन आपण त्यांना समान मानलं. म्हणून दुसरा चार्ट काढा, वाया गेलेल्या वेळेचा. मिनिटं ऑपरेटरला आणि सुपरवायझरला विचारून घ्या, मनाने लिहू नका. आपल्या उदाहरणात बर काढायला 1 मिनिट धरू, ओरखडा पॉलिश करायला 2, चॅम्फर पुन्हा मारायला 4, ओव्हरसाइज जॉब पुन्हा मशीनवर लावून घ्यायला 10. भंगार झालेला जॉब नव्याने करायला 25. फिटिंगच्या पृष्ठभागावरचा डेंटही भंगारच. इतर दोषांना 2 धरू.

बरची 34 मिनिटं झाली, ओरखड्याची 38, चॅम्फरची 32, इतरांची 6. डेंट पाचच होते, पण 125 मिनिटं झाली. व्यासाच्या 11 पैकी 4 ओव्हरसाइज, त्यांची 40. आणि 7 अंडरसाइज, त्यांची 175. मिळून 215. एकूण 450 मिनिटांपैकी व्यास 215, म्हणजे जवळजवळ 48 टक्के, आणि डेंट 28 टक्के. पहिल्या चार्टमध्ये तिसरा आणि पाचवा असलेले दोष इथे पहिला आणि दुसरा झाले आणि दोघे मिळून तीन चतुर्थांश वेळ खाताहेत. बर पहिल्या नंबरवरून चौथ्यावर गेली. जॉब शेवटपर्यंत न तपासता बरवरच थांबला असतात, तर हे चित्र धूसर झालं असतं.

दोन्ही चार्ट दाखवा. पहिला चार्ट खोटा नाही. डिबरिंगच्या टेबलावर कामाचा ढीग का साचतो ते त्यातूनच कळतं. एखादा दोष ग्राहकाच्या सुरक्षेशी जोडलेला असेल तर तो मात्र कुठल्याच चार्टच्या क्रमात बसवू नका. त्याचा एक जरी जॉब सापडला तरी आठवड्याची वाट न बघता त्याच मिनिटाला सांगायचं.

चार्टवर तपासलेल्या जॉबांची संख्या ठळक लिहा. 250 मधले 80 दोष आणि 2500 मधले 80 दोष, दोन्ही चार्ट हुबेहूब सारखे दिसतात, कारण पॅरेटो फक्त दोषांची आपापसातली वाटणी दाखवतो. पुढच्या आठवड्याशी तुलना करताना तेवढेच जॉब तपासा आणि डाव्या अक्षाचं माप तेच ठेवा. माप बदललं, तर एकूण दोष 80 वरून 40 वर आले तरी नवीन चार्टचा पहिला खांब तितकाच उंच दिसू शकतो आणि बघणाऱ्याला वाटतं काहीच सुधारलं नाही.

यानंतर वेळेच्या चार्टमधला सगळ्यात उंच खांब फोडायचा. कारण पॅरेटो सांगत नाही, पण कुठे शोधायचं ते सांगतो. इथे 7 अंडरसाइज जॉब शीटवर कुठल्या तासाला आहेत ते बघा. समजा त्यातले 5 जॉब इन्सर्ट, म्हणजे टूलचं बदलता येणारं धारेचं टोक, बदलल्यानंतरच्या पहिल्या तासातल्या ट्रेमधून आले आहेत. मग संशय सरळ ऑफसेटवर, म्हणजे टूलच्या जागेसाठी मशीनला दिलेल्या दुरुस्तीवर, जातो: नवीन इन्सर्ट बसवल्यावर त्याची धार जुन्या झिजलेल्या धारेपेक्षा पुढे असते, आणि झिजेसाठी दिलेला जुना ऑफसेट तसाच राहिला तर व्यास कमी येतो. पुढच्या वेळी इन्सर्ट बदलताना ऑपरेटरच्या शेजारी उभे राहा आणि पहिले पाच जॉब क्रमाने मोजून लिहा. व्यास 15.98 च्या खाली सुरू होऊन ऑफसेट दिल्यावर वर आला, तर तुमच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे. तो पाच आकड्यांचा कागद चार्टला जोडून सुपरवायझरकडे न्या.